जवारीवरच्या 38 स्लाइड आणि 200 शब्दांचा सारांश

आमच्या भौतिकशास्त्र विभागातल्या सेमिनारमध्ये मी तानपुऱ्याच्या जवारीवर, म्हणजे घोडीमुळे त्याच्या तारेला येणाऱ्या गुंजणाऱ्या आवाजावर बोलले, तेव्हा पीपीटी 38 स्लाइडची होती. पाऊण तास बोलणं, मग प्रश्न. त्यानंतर मॅडम म्हणाल्या, "हेच काम मराठीतल्या विज्ञान संमेलनाला पाठव. सारांश 200 शब्दांत हवाय, आकृती नको, संदर्भयादी नको." मी सांगलीत राहते, माझी सगळी मोजणी मिरजेत बनलेल्या वाद्यांवर झाली, त्यामुळे हे काम मराठीत लिहायला मिळतंय याचा मला मनापासून आनंद झाला. पण 38 स्लाइडमधून 200 शब्द कसे काढायचे, याचं उत्तर पीपीटीकडे नुसतं बघत बसून मिळालं नाही.

आधी काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तारेच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनसंख्येचे स्वरही वाजतात, ते हार्मोनिक. ताणलेली तार आपण जिथे छेडतो, तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू येतो तो हार्मोनिक आवाजात उमटत नाही. थॉमस यंग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम हार्मोनिक गळायला हवेत. 1921 मध्ये सी. व्ही. रामन यांनी दाखवलं की तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. तार कुठेही छेडा, गळायला हवे होते ते हार्मोनिक त्यात हजर असतात. कारण घोडी, म्हणजे तार जिच्यावर टेकते तो तुकडा. सतारीची किंवा तानपुऱ्याची घोडी धारदार नसते, ती रुंद आणि अगदी किंचित वक्र असते. कंप पावणारी तार दर फेरीला त्या वक्र पृष्ठभागाला टेकते आणि सुटते. तानपुऱ्यात तर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागाही सरकवतात आणि तो योग्य जागी आला की आवाज एकदम खुलतो. माझा प्रश्न एवढाच होता: या परिणामात वक्र घोडीचा वाटा किती आणि सुताचा किती?

हा प्रश्न पीपीटीत कुठे होता? एकोणिसाव्या स्लाइडवर, सगळ्यात खालच्या ओळीत. त्याआधी तानपुऱ्याच्या भागांचे फोटो, भोपळा वाळवण्यापासूनची माहिती, आधीच्या संशोधनाचा आढावा, तारेच्या कंपनाची समीकरणं. सेमिनारमध्ये हा क्रम बरोबरच होता. समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांनी तानपुरा हातात घेतलेला नव्हता, त्यांना आधी घोडी दाखवायलाच हवी होती. पण सारांशात हा क्रम जसाच्या तसा आणला, तर पहिले 120 शब्द वाद्याच्या ओळखीतच जातात. स्लाइडची संख्या म्हणजे महत्त्वाचं माप नव्हे, हे मला पहिल्यांदा तिथे लख्ख दिसलं. ज्याला 9 स्लाइड लागल्या त्याला सारांशात एक वाक्य मिळणार होतं आणि जे एका आलेखात उरकलं होतं त्याला तीन.

मी पीपीटी बंद केली आणि फुलस्केपच्या पानांवर 1 ते 38 आकडे घातले. प्रत्येक आकड्यापुढे एकच पूर्ण वाक्य लिहायचं, तेही क्रियापद असलेलं: ही स्लाइड काय म्हणते? 'प्रयोगाची मांडणी' असं लिहायचं नाही, कारण ते म्हणणं नव्हे, ते पाटीवरचं नाव झालं. 'तार मध्यावर छेडली आणि एक हात अंतरावरून आवाज नोंदवला' हे म्हणणं झालं. या नियमाने बऱ्याच स्लाइड आपोआप बाजूला पडल्या. फोटोंच्या स्लाइडपुढे लिहायला वाक्यच नव्हतं. 'विषयाची रूपरेषा' आणि 'धन्यवाद' गेल्या. समीकरणांच्या पाच स्लाइडचं मिळून एक वाक्य झालं आणि ते यंग यांच्या नियमाचंच होतं.

खरी अडचण निकालाच्या स्लाइडची होती. तिथे आलेख होते, डोक्यावर 'निष्पत्ती 1', 'निष्पत्ती 2' आणि बाकी सगळं मी तोंडाने बोललेलं. माझ्याजवळ सेमिनारचं ध्वनिमुद्रण नव्हतं, पण मैत्रिणीने वहीत टिपून घेतलं होतं, ते मागून आणलं. त्या वहीचा फार उपयोग झाला, विशेषतः शेवटच्या पानाचा, जिथे लोकांचे प्रश्न होते. श्रोते कुठे अडतात ते प्रश्नांतून कळतं आणि सारांशाचा वाचकही तिथेच अडतो. दोन प्रश्न मी अधोरेखित केले. एक: "सूत काढलं तरी घोडी वक्रच आहे की, मग तुलना कशाशी?" दुसरा: "तुम्ही आवाज मोजलात की तारेचं कंपन?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या प्रयोगात होतं, पण पीपीटीत ते एका फोटोखालच्या बारीक अक्षरांत दडलं होतं. मी तिसरी एक स्थिती घेतली होती. घोडीवर पितळेची धारदार पट्टी बसवली, म्हणजे तार एका रेषेवरच टेकेल आणि तिला पृष्ठभाग मिळणारच नाही. या पट्टीवरची तार साध्या तारवाद्यासारखी वागते, यंग यांचा नियम बऱ्यापैकी पाळते. म्हणजे मोजणीला तळ मिळाला. पट्टी, नुसती घोडी, सुतासह घोडी अशा तीन पायऱ्या झाल्या की पहिल्या दोघींतला फरक वक्रतेचा आणि पुढच्या दोघींतला सुताचा. अख्खा युक्तिवाद या पट्टीवर उभा होता. तेव्हा ठरवलं की सारांशात काहीही कापायचं, पट्टी कापायची नाही.

मग शब्दांची वाटणी केली. पार्श्वभूमी आणि प्रश्न मिळून 50, पद्धत 50, निकाल 60, मर्यादा आणि अर्थ उरलेल्यांत. ही वाटणी काही शास्त्रातून आलेली नाही. संमेलनाच्या निवड समितीतला माणूस शंभरेक सारांश वाचणार, त्याला 'काय सापडलं' हे मिळालं नाही तर तो पुढे जाणार, एवढाच हिशोब. वाटणीचा एक फायदा असा की लिहिताना लगेच कळतं, कोण कोणाची जागा खातंय. माझ्याकडे पद्धतच सारखी फुगत होती, कारण ते काम मी हाताने केलेलं होतं आणि त्यातलं प्रत्येक पाऊल मला लाडकं होतं.

पद्धतीतलं काय ठेवायचं हे ठरवायला मी एक कसोटी लावली: ही गोष्ट बदलली तर निकाल बदलेल का? मायक्रोफोनची कंपनी बदलली तरी क्रम तोच राहील, तेव्हा ती गेली. खोली कुठली, तीही गेली. पण छेडण्याची जागा बदलली तर सगळंच बदलतं, म्हणून 'बरोबर मध्यावर' हवंच. छेडण्याचा प्रकारही तसाच. बोटाने छेडलं तर दर वेळी जोर वेगळा, बोटाचा मऊपणा वेगळा. म्हणून मी तारेखालून बारीक तांब्याची तार घालून ती हळूहळू ओढत होते. ठरावीक ओढीला ती तुटते आणि तानपुऱ्याची तार दर वेळी जवळजवळ सारख्याच ताकदीने सुटते. तारांच्या ध्वनिशास्त्रात ही जुनी रीत आहे, जाणकाराला दोन शब्दांत कळते. ती राहिली. मध्य कसा शोधला (बोट हलकेच टेकवून वरच्या सप्तकातला सा स्वच्छ ऐकू येईल ती जागा) हे मला सांगायला फार आवडलं असतं, पण ते 14 शब्द होते. काढले.

निकालाचं वाक्य मी सगळ्यात जास्त वेळ घासलं. पीपीटीतल्या आलेखावरून सरळ उतरवलं तर ते असं होत होतं: 'सूत लावल्यावर सम हार्मोनिकच्या तीव्रतेत लक्षणीय वाढ दिसून आली.' वाचायला भारदस्त, हातात काही नाही. लक्षणीय म्हणजे किती? कशाच्या तुलनेत? छेडल्यावर लगेच की नंतर? सेमिनारमध्ये हे चालून गेलं, कारण आलेख भिंतीवर होता आणि मी त्यावर लेझरचा ठिपका फिरवत होते. सारांशात भिंत नाही.

म्हणून आकडे आणले. दुसरा हार्मोनिक पहिल्यापेक्षा पट्टीवर 32 डेसिबलने खाली, नुसत्या घोडीवर 19 आणि सुतासह 6. भौतिकशास्त्राच्या माणसाला हे पुरे. पण संमेलनाला संगीताचे, अभियांत्रिकीचे, शाळेत शिकवणारेही लोक असतात आणि डेसिबल हे माप लॉगॅरिदमिक. 32 आणि 19 यांतलं अंतर त्यांच्या डोळ्यांपुढे येणार नाही. आयामाच्या भाषेत 20 डेसिबल म्हणजे दहापट आणि 6 डेसिबल म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्या हिशोबाने हेच तीन आकडे झाले चाळिसावा भाग, नववा भाग आणि निम्मा. आता वाक्य वाचल्यावर पायऱ्या दिसायला लागल्या. आकडे तेच, पण त्यांची जागा डोक्यात पक्की होते. एकच वेळ निवडली, छेडल्यानंतर अर्ध्या सेकंदाची, आणि ती वाक्यात लिहिली, कारण जवारीचा आवाज काळाबरोबर बदलत राहतो. वेळ न सांगता दिलेल्या गुणोत्तराला काही अर्थ नाही.

पीपीटीत तिसऱ्या हार्मोनिकचंही काम होतं: तार एक तृतीयांशावर छेडली तर तिसरा गळायला हवा, तो गळतो का? निकाल त्याच दिशेचा होता. मॅडमना वाटत होतं तेही घ्यावं. मी म्हटलं, "मॅडम, त्याला किमान 20 शब्द लागतील आणि नवीन काही कळणार नाही, तेच पुन्हा पक्कं होईल." त्यांनी एकदा सगळं वाचलं, म्हणाल्या, "बरं, ते भाषणासाठी ठेव." त्याऐवजी मी दुसरी एक गोष्ट आत घेतली, जी पीपीटीत एका कोपऱ्यात होती. सूत असताना दुसरा हार्मोनिक छेडताक्षणी क्षीण असतो आणि मग वाढत जातो. तार सुटते तेव्हा तो तिच्यात नसतोच, घोडीशी होणाऱ्या टेकण्या-सुटण्यातून तो तयार होतो. कारणाकडे बोट दाखवणारी माझ्याजवळची ही एकमेव नोंद होती. स्लाइडवर ती कोपऱ्यात असली तरी सारांशात ती मधोमध यायला हवी होती.

इथे भाषा जपावी लागते. टेकणं-सुटणं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्यासाठी अतिवेगाचा कॅमेरा किंवा तारेजवळ बसवलेला प्रकाशीय संवेदक लागतो. म्हणून 'यावरून सिद्ध होते' लिहिलं नाही, 'या स्पष्टीकरणाला पुष्टी मिळते' लिहिलं. तसंच दुसऱ्या अधोरेखित प्रश्नाचं. मी मोजला तो आवाज. तारेचं कंपन घोडीतून तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणात, तिथून भोपळ्यात आणि मग हवेत येतं. वाटेत काही स्वर फुगतात, काही दबतात. त्यामुळे 'निम्मा' हे तारेच्या कंपनाचं गुणोत्तर नाही. मात्र तीनही स्थितींत तबली तीच, भोपळा तोच, तारही तीच. म्हणून एका वाद्यातली तुलना टिकते. ही मर्यादा सारांशात लिहायला शब्द लागले आणि मी ते दिले. कोणी उद्या हा 'निम्मा' उचलून दुसऱ्या वाद्याच्या आकड्याशेजारी ठेवला, तर त्याची दिशाभूल होईल.

मसुदा झाल्यावर तो मी ज्यांच्याकडून तानपुरे आणले त्या मिरजेच्या चाचांना वाचून दाखवला. ते तंतुवाद्य बनवणाऱ्या घराण्यातले, सेमिनारला आलेले नव्हते. सेमिनारला न आलेला पण विषय जाणणारा माणूस मला हवा होता, कारण ऐकलेला माणूस गाळलेल्या जागा स्वतःच भरून घेतो. हार्मोनिक हा शब्द त्यांना एकदा सांगावा लागला. बाकी त्यांनी शांतपणे ऐकलं आणि 'सूत लावलेल्या घोडीवर' या ठिकाणी थांबवलं.

"सूत लावलं म्हणजे काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच लावून दिलं होतंत ना चाचा."

"मी लावलं ते जागेवर लावलं. केसभर पुढं गेलं तर आवाज बसतो, मागं आलं तर नुसती झणझण. आणि त्याच्याही आधी घोडी घासून जवारी काढलीय मी. तू लिहिलंयस त्यात कुणीही कुठंही सूत घातलं तरी चालेल असं वाटतंय."

पीपीटीत 'सुतासह' एवढंच होतं आणि सेमिनारमध्ये कोणीही त्यावर विचारलं नव्हतं, कारण खोलीत ते ओळखणारं कोणी नव्हतं. चाचांनी दाखवलेली गोष्ट प्रयोगाच्या दृष्टीने मोठी आहे. माझा 'निम्मा' हा सुताच्या एका विशिष्ट जागेचा आकडा आहे, ती जागा एका तरबेज कानाने ठरवलेली आहे आणि ती मी मिलिमीटरमध्ये मोजलेली नाही. दोन्ही गोष्टी सारांशात आल्या: पद्धतीत 'कानाने जागेवर बसवलेले सूत' आणि शेवटी एक वाक्य, की सुताची जागा बदलून पाहिलेली नाही. 'यावर अधिक संशोधनाची गरज आहे' हे वाक्य आधी शेवटी होतं. त्याच्या जागी हे आलं, कारण पुढे नेमकं काय मोजायचं ते यातून कळतं.

पाठवलेला सारांश असा:

'ताणलेली तार जिथे छेडली जाते, त्या बिंदूवर स्थिर राहणारे हार्मोनिक तिच्या आवाजात उमटत नाहीत, असा यंग यांचा नियम आहे. तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, असे रामन यांनी 1921 मध्ये दाखवले. यात घोडीच्या वक्र पृष्ठभागाचा वाटा किती आणि सुताचा किती, हे वेगळे करून पाहणे हा या कामाचा हेतू होता. मिरजेत एकाच कारागिराने बनवलेल्या आणि जवारी काढलेल्या दोन तानपुऱ्यांची जोडीची एक तार काळी एकच्या षड्जात (सुमारे 138.6 हर्ट्झ) मिळवून ती बरोबर मध्यावर, ओढीने तुटणाऱ्या बारीक तांब्याच्या तारेने छेडली. आवाज तीन स्थितींत नोंदवला: घोडीवर बसवलेल्या धारदार पितळी पट्टीवर, नुसत्या घोडीवर आणि कारागिराने कानाने जागेवर बसवलेल्या सुतासह घोडीवर. छेडल्यानंतर अर्ध्या सेकंदाने दुसऱ्या हार्मोनिकचा आयाम पहिल्याच्या तुलनेत पट्टीवर सुमारे चाळिसावा भाग, नुसत्या घोडीवर नववा भाग, तर सुतासह निम्मा आढळला. दोन्ही वाद्यांत हाच क्रम दिसला. सूत असताना हा हार्मोनिक छेडताक्षणी क्षीण होता आणि नंतर वाढत गेला. यावरून तो छेडण्यातून नव्हे, तर तार घोडीला पुन्हा पुन्हा टेकण्यातून येतो, या स्पष्टीकरणाला पुष्टी मिळते. आवाज मायक्रोफोनने नोंदवल्यामुळे ही गुणोत्तरे तारेच्या कंपनाची नसून तबली आणि भोपळ्यातून बाहेर पडणाऱ्या आवाजाची आहेत. तुलना एकाच वाद्याच्या तीन स्थितींपुरती घ्यावी. सुताची जागा घोडीवर पुढेमागे केल्याने होणारा बदल या मोजणीत तपासलेला नाही.'

200 च्या थोडं आतच बसलं. काठोकाठ भरायचं मी मुद्दाम टाळलं, कारण अर्ज भरायच्या खिडकीत शब्द मोजायची रीत वेगळी असू शकते; कंसातला आकडा आणि त्यापुढचं एकक ती दोन शब्द धरते.

शीर्षक सगळ्यात शेवटी बदललं. पीपीटीवर 'तानपुऱ्याच्या जवारीचा ध्वनिशास्त्रीय अभ्यास' असं होतं. त्या नावाखाली जवारीचं काहीही येऊ शकतं आणि सारांशात तर जवारीतल्या एका हार्मोनिकची, दोन वाद्यांवरची, तीन स्थितींतली तुलना होती. मी लिहिलं, 'तानपुऱ्यातील सम हार्मोनिक: वक्र घोडी आणि सूत यांचा वेगवेगळा वाटा'. मॅडमनी 'सम हार्मोनिक' खोडून 'दुसरा हार्मोनिक' केलं. मोजलेला तेवढाच होता, चौथा आणि सहावा आलेखात दिसत होते पण त्यांचे आकडे आम्ही काढले नव्हते. तसंच पाठवलं.